सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार: किती पातळ, किती घट्ट? तुमचे अनुभव लिहा

मुलगा साडेसात महिन्यांचा असताना त्याचं वजन पाच आठवडे ७.२ किलोवरच अडकलं होतं. मी दिवसातून दोनदा वाटीभर डाळीचं पाणी देत होते आणि तो ते संपवतही होता, त्यामुळे माझं काही चुकतंय असं वाटलंच नाही. तपासणीला गेले तेव्हा नर्सताईंनी विचारलं, "चमचा तिरका केला की काय होतं?" घरी करून पाहिलं, तर सगळं एका धारेत खाली. डाळ भांड्यात राहत होती आणि बाळाला नुसतं वरचं पाणी मिळत होतं. या वयात पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. ते पाण्याने भरलं की बाळ दूधही कमी पितं आणि अन्नही पोटात जात नाही.

मग दोन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ एकत्र मऊ शिजवून, न गाळता चमच्याच्या पाठीने घोटायला लागले. वर एक लहान चमचा तूप. मीठ-साखर नाही. चमचा तिरका केला तरी घास त्यावर टिकेल, इतपत घट्ट. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. हळूहळू अर्धी वाटी, तीनदा. अंगावरचं दूध तो मागेल तेव्हा चालूच. पुढच्या महिन्यात वजन ७.५ झालं.

तुम्ही सुरुवात कशी केली? काय अडलं? सविस्तर लिहा.

दोघींची आई: माझी मोठी पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक घास जिभेने बाहेर ढकलायची. मला वाटलं आवडत नाही, म्हणून मी रोज पदार्थ बदलत राहिले. खरं तर तिला घास मागे न्यायचं जमत नव्हतं एवढंच. धाकटीच्या वेळी मी तोच पदार्थ तीन-चार दिवस देत राहिले आणि तिला जमलं.

अनुभवी आजी: आमच्या वेळी मिक्सर नव्हता, हातानेच कुस्करायचो. अंड्याचा फक्त पिवळा बलक द्यावा, पांढरं वर्षानंतर. आणि बोटाला मध लावून चाटवला की बाळ तोंड उघडतं.

बालआरोग्य विभागात काम करते: आजी, हाताने कुस्करण्याबद्दल अगदी सहमत, फक्त आधी हात साबणाने धुवायचे. पण मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला विषबाधा होऊन अंग लुळं पडू शकतं, आणि मध शिजवला तरी ती बीजं मरत नाहीत. अंडं पूर्ण उकडलेलं असेल तर पांढऱ्यासकट चालतं. थोड्यापासून सुरू करा. अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवा. बाळाला आधीच जास्त इसब असेल तर अंडं देण्यापूर्वीच विचारा.

धागाकर्तीच्या खिचडीत मी एकच भर घालेन. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो आणि दुधात लोह फार थोडं असतं. म्हणून अंडं, मांस, मासे, डाळ यांतलं काहीतरी रोज असावं. डाळीसोबत थोडं आंबट फळ दिलं तर तिच्यातलं लोह जास्त लागू पडतं.

पहिलटकरीण: माझी पाच महिन्यांची आहे. आम्ही जेवताना ताटाकडे टक लावून बघते. बाटलीत पातळ पेज देऊ का?

दोघींची आई: नुसतं बघते म्हणून घाई नको गं. आधाराने बसते का, मान सावरते का ते बघ, आणि सहा पूर्ण होऊ दे. बाटली तर नकोच. तिच्या बुचाच्या कडेत अन्न अडकून राहतं. माझ्या मोठीला जुलाब लागले तेव्हा बाटली नीट धुतली जात नव्हती हे कळलं. वाटी-चमचा साबणाने धुवून पूर्ण वाळवणं सोपं.

नोकरी करणारी: माझा प्रश्न वेगळा आहे. सकाळी सातला खिचडी करून डब्यात देते, सांभाळणाऱ्या मावशी अकराला भरवतात. गरम करून दिली तर चालेल ना?

बालआरोग्य विभागात काम करते: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. भातात एक जंतू असा वाढतो की त्याचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही, म्हणून गरम करण्यावर विसंबू नका. शिजवल्यावर पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या पिशवीसोबत न्या, आणि तिथे वाफ निघेपर्यंत गरम करून मग कोमट करून द्यायला सांगा. वाटीत उष्टं उरलं तर टाकून द्या.

नोकरी करणारी: मावशींकडे फ्रिज नाही. सध्या अख्खं केळं देते, त्या आयत्या वेळी कुस्करतात. पण मग दुपारचं लोह राहूनच जातं. कोणी यातून वाट काढली आहे का?

धागाकर्ती: आम्ही मावशींकडे धुवून वाळवलेले डाळ-तांदूळ भरडून देतो, त्या तिथेच दहा-पंधरा मिनिटं शिजवतात. मात्र त्यांच्या हाताला साबण लागतो की नाही, हे मला रोज विचारावं लागतं.