'व्हेल फॉल'ला मराठीत काय म्हणावं?

मेघना: मुलांच्या मासिकासाठी लेख लिहितेय. मेलेला देवमासा समुद्राच्या तळाशी जातो आणि त्यावर कित्येक दशकं प्राणी जगतात, त्याला 'व्हेल फॉल' म्हणतात. मी 'देवमाशाचं पतन' लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, त्याने असं काय पाप केलं?

दत्ताकाका: सरळ 'कलेवर' लिहा. पण दशकं जरा जास्तच होतात हो. हॅगफिश, शार्क मांस फस्त करणार, मग उरली नुसती हाडं. त्यात खाण्यासारखं काय असतं?

वसुधा: काका, मांसाचं बरोबर आहे, ते काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत संपतं. पण खरी शिदोरी हाडांतच असते. मोठ्या देवमाशाची हाडं तेलाने भरलेली असतात. काही हाडांत वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल निघतं. आत प्राणवायू पोहोचत नाही, तेव्हा तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून ते तेल कुजवतात. त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हळूहळू बाहेर झिरपतो. त्यावर दुसरे जिवाणू वाढतात. काही हाडांवर साय धरल्यासारखे पसरतात, तर काही शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहून त्यांना पोसतात. तेल दाट हाडाच्या आत अडकलेलं, म्हणून सगळं इतकं संथ चालतं. 1987 साली क्रेग स्मिथ यांच्या चमूला कॅलिफोर्नियाजवळ, सुमारे 1240 मीटर खोलीवर, 'ॲल्विन' पाणबुडीतून असाच सांगाडा दिसला. मांसाचा पत्ता नव्हता, पण शिंपले मजेत होते.

राजू: किनाऱ्यावर वाहून आलेल्यालाच म्हणतात ना हे? मी पाहिलाय एक, ढोलासारखा फुगलेला. असला फुगा बुडेल कसा?

वसुधा: नाही, तो वेगळा प्रकार. उथळ पाण्यात कुजला तर वायू धरून वर येतो, तोच तुम्ही पाहिलात. खोल गेला की दाबामुळे वायूला फुगताच येत नाही. हजार मीटरवर दाब पृष्ठभागाच्या शंभरपट असतो. म्हणून तो खालीच राहतो.

मेघना: आणि हाडं खाणारी अळी? ओसेडॅक्स?

वसुधा: 'अळी' नको, मुलांना वाटेल पुढे फुलपाखरू होणार. 'कृमी' लिहा. 2002 मध्ये माँटेरे उपसागरात जवळजवळ 2900 मीटरवर सापडला. त्याला तोंडही नाही, पोटही नाही. मादी हाडात मुळं रोवते, आम्ल सोडून हाड विरघळवते, आणि मुळांतले जिवाणू तिला पोसतात. पहिल्यांदा सापडल्या त्या सगळ्या माद्याच. नर सूक्ष्म, मादीच्या नळीतच राहतात. ते नंतर लक्षात आलं.

दत्ताकाका: बरं, हाडांचं पटलं. मग 'देवमाशाचा सांगाडा' म्हणू या?

वसुधा: पहिली दोन वर्षं मांसावर गर्दी असते, तिचं काय? शिवाय 'व्हेल फॉल'मध्ये कलेवर आणि त्यावर राहणारे, दोन्ही येतात.

मेघना: तूर्तास 'देवमाशाच्या कलेवरावरची वसाहत' लिहिते. लांबलचक आहे, शीर्षकात मावणार नाही. कुणाला आटोपशीर काही सुचलं तर शुक्रवारपर्यंत सांगा.

राजू: 'देवमासा-तळ'?

दत्ताकाका: लष्करी वाटतं.