शब्दचर्चा : क्यू-क्यू प्लॉटमधला 'क्यू' आणि वर सुटलेला ठिपका

वाळवेकर
नमस्कार मंडळी. 'क्यू-क्यू प्लॉट'मधल्या क्यूला मराठीत काय म्हणतात? नुसता शब्द नको, ते चित्रच मला वाचायला शिकायचं आहे. आमच्या भागातले १२ ऊस प्लॉट घेतलेत. एकरी किती किलो नत्र दिलं, त्यावरून एकरी किती टन ऊस निघेल याचं साधं रिग्रेशन केलं. मग प्रत्येक प्लॉटचं खरं टनेज वजा रिग्रेशनने सांगितलेलं टनेज, असे अवशेष काढले. लहानापासून मोठ्यापर्यंत ते असे :

−५.०, −४.२, −३.४, −२.६, −१.९, −१.२, −०.५, ०.६, १.३, २.४, ३.६, १०.९

त्यांचं चित्र आरमध्ये असं काढलं :

```r
m <- lm(tonnage ~ natra)
qqnorm(resid(m))
qqline(resid(m))
```

बाकीचे ठिपके रेषेला धरून आहेत, एक मात्र उजवीकडे पार वर गेलाय. तो काढून टाकला तर चालेल का?

तासगावकडचा
क्यू म्हणजे चतुर्थक. अकरावीला अर्थशास्त्रात होतं की, क्यू वन, क्यू थ्री. बेदाण्याच्या मण्याचा आकार बघताना मी अजून तेच काढतो. राहिला तुमचा ठिपका, तर रेषा म्हणजे रिग्रेशनची रेषा ना? जो प्लॉट तिच्यापासून लांब, त्याचा अंदाज चुकला. सरळ आहे.

विश्रामबाग
तासगावकर, त्याच धड्याचं नाव आठवा : 'विभाजन मूल्ये'. चतुर्थक, दशमक, शतमक ही सगळी त्याच घरातली. या चित्रातला क्यू म्हणजे ते सगळं घर. फक्त चतुर्थक घेतले तर तीनच ठिपके पडतील, आणि इथे तर १२ आहेत.

रेषेचं मात्र तसं नाही. रिग्रेशनची रेषा नत्र आणि टनेज यांच्यातली. या चित्रात नत्र कुठेच नाही. वाळवेकर, चित्र हातानं मांडून बघा, म्हणजे कळेल.

अवशेष तुम्ही क्रमानं लावलेच आहेत. आता असं समजा की हे १२ अवशेष प्रसामान्य वितरणातून आले असते, तर सगळ्यात लहान साधारण कुठे पडला असता? क्रमांकातून अर्धा वजा करा आणि १२ नं भागा. पहिल्यासाठी ०.५ भागिले १२, म्हणजे ०.०४२. प्रसामान्य वक्राखाली डावीकडून इतकं क्षेत्रफळ जिथे भरतं ती जागा −१.७३. दुसऱ्यासाठी −१.१५, तिसऱ्यासाठी −०.८१. असं करत शेवटच्यासाठी +१.७३. ही झाली आडव्या अक्षावरची विभाजन मूल्यं, उभ्या अक्षावर तुमचे अवशेष. पहिला ठिपका (−१.७३, −५.०), शेवटचा (१.७३, १०.९). दोन अक्षांवर दोन प्रकारची विभाजन मूल्यं, म्हणून क्यू दोनदा.

तासगावकर, चतुर्थकाचं मात्र तुम्ही अगदीच चुकीचं बोलला नाहीत. `qqline` रेषा ओढतं ती पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातूनच. वाळवेकरांचे चतुर्थक −२.८ आणि सुमारे १.६ येतात, आणि त्यातून जाणारी रेषा उजव्या टोकाला, म्हणजे १.७३ वर, साधारण ५.० ला पोचते. ठिपका आहे १०.९ वर. म्हणजे रेषेच्या सुमारे ६ टन वर. डावं टोकही बघा : रेषा −६.२ म्हणते, ठिपका −५.० वर, तोही थोडा वरच. दोन्ही टोकं रेषेच्या वर असली की उजवी शेपटी लांब आहे असं वाचायचं. पण डावीकडचा फरक सव्वा टनाचा, आणि १२ ठिपक्यांत तेवढ्यावरून मी काही म्हणणार नाही.

मिरजेची
मॅडम, माझ्याकडे उलटं दिसतंय. मी प्रबंधासाठी रुग्णांच्या दाखल राहण्याचे दिवस घेतलेत. काही जण फार दिवस राहिले, म्हणजे उजवी शेपटी लांब हवी. पण माझ्या चित्रात शेवटचे ठिपके रेषेच्या खाली गेलेत. आणि सरांनी सांगितलंय की दिवस प्रसामान्य नाहीत म्हणून रिग्रेशन चालणारच नाही.

विश्रामबाग
तुम्ही एसपीएसएस वापरत असणार. त्यात निरीक्षण आडव्या अक्षावर आणि अपेक्षित मूल्य उभ्यावर असतं, आरमध्ये नेमकं उलट. म्हणून तोच ठिपका आरमध्ये रेषेच्या वर, एसपीएसएसमध्ये खाली. आकार वाचण्याआधी अक्षांवरची नावं वाचायची.

दुसरं असं, की अट अवशेषांवर असते, दिवसांवर नाही. दोन वेगळ्या वॉर्डांचे रुग्ण एकत्र केले तर दिवसांचं वितरण वेडंवाकडं दिसेल, पण वॉर्ड मॉडेलमध्ये घेतला की अवशेष सरळ येऊ शकतात. दाखल दिवसांचे अवशेषही बहुधा तिरपेच निघतात, तेव्हा सरांची शंका अगदी फुकट नाही. पण बघायचं ते अवशेषांचं चित्र.

पेठनाका
ठिपके रेषेवर बसले की मॉडेल बरोबर, एवढं धरून चालायचं ना?

विश्रामबाग
नाही. अवशेष क्रमानं लावले की कोणता कुठल्या प्लॉटचा, हे चित्रातून पुसलं जातं. नत्र वाढवत नेलं तर टनेज एका मर्यादेनंतर वाढायचं थांबतं. असा बाक राहून गेलाय का, किंवा जास्त टनेजच्या प्लॉटांत फरक जास्त आहे का, हे इथे दिसणार नाही. त्यासाठी अंदाजाविरुद्ध अवशेष असं वेगळं चित्र काढावं लागतं.

वाळवेकर
६ टन वर म्हणजे फारच, की १२ ठिपक्यांत एवढं चालतं?

विश्रामबाग
डोळ्याला सवय लावा. खरोखर प्रसामान्य असलेले १२ आकडे मागवा आणि नऊ चित्रं शेजारी शेजारी काढा :

```r
par(mfrow = c(3, 3))
for (k in 1:9) {
  e <- rnorm(12)
  qqnorm(e); qqline(e)
}
```

टोकं हलतातच, मधले ठिपके कमी हलतात. तुमचा ठिपका त्या नऊ चित्रांत खपून जातो का ते बघा.

वाळवेकर
काढली. दोन-तीन चित्रांत टोकं बरीच हलली, पण माझ्याइतका एकटा उंच ठिपका कुठेच नाही. मग वही उघडली. तो प्लॉट आडसाली आहे! जुलैत लावलेला, जवळजवळ दीड वर्ष उभा. बाकी सगळे जानेवारी-फेब्रुवारीचे सुरू ऊस, वर्षभरात तुटलेले. आता मॉडेलमध्ये 'हंगाम' घातला, आणि तो ठिपका थेट रेषेजवळ मधोमध आला. जमलं!

विश्रामबाग
कारण सापडलं हे उत्तम. पण त्या प्लॉटचा अवशेष आता किती आहे, बघा.

वाळवेकर
बरोबर शून्य.

विश्रामबाग
येणारच. आडसाली प्लॉट एकच, त्यामुळे 'हंगाम'चा आकडा त्या एका प्लॉटवरूनच ठरला आणि तो हवा तसा बसला. नत्राचा गुणांकही तो प्लॉट काढून टाकल्यावर येतो तोच येईल. तेव्हा शून्यावरचा तो ठिपका पुरावा म्हणून धरू नका. सुरू उसाच्या ११ प्लॉटांचंच मॉडेल आहे असं स्पष्ट लिहा, आडसाली का वगळला तेही लिहा, आणि ११ अवशेषांचं चित्र पुन्हा काढा. नाहीतर आडसालीचे आणखी प्लॉट गोळा करा.

तासगावकडचा
मॅडम, ११ प्लॉटांत एवढं प्रसामान्य बघून काय मिळतं? शेतकऱ्याला नत्राचा गुणांक कळला की झालं.

विश्रामबाग
प्लॉट भरपूर असते तर गुणांकापुरतं मीही फार ताणलं नसतं. ११ मध्ये मी बघते, काही जण नाही बघत. पण 'माझ्या पुढच्या एका प्लॉटला किती ते किती टन निघेल' असं शेतकऱ्यानं विचारलं, तर ती हद्द अवशेषांच्या आकारावरच उभी असते. तिथे प्लॉट वाढवूनही सुटका नाही.

पेठनाका
आणि शब्द? 'विभाजन मूल्य' की 'क्वांटाइल'?

मिरजेची
मी प्रबंधात क्वांटाइलच ठेवणार. विभाजन मूल्य म्हटलं की परीक्षक अकरावीच्या धड्यात जातील.

वाळवेकर
मी विभाजन मूल्य लिहितोय, आमच्या शिवारातली पोरं तोच धडा शिकून आलीत. नेर्ल्याकडे दोन आडसाली प्लॉट अजून उभे आहेत. तोड झाली की वजनाच्या पावत्या मिळवतो, मग १४ चं चित्र इथेच टाकतो.