प्रतिसाद: शतावरी, सॅपोनिन्स आणि प्रोलॅक्टिन

> शतावरीतली सॅपोनिन्स इस्ट्रोजेनसारखीच असतात, म्हणून तर दूध वाढतं ना?

सांगाडा स्टेरॉइडचा आहे, एवढंच साम्य. शतावरीतल्या शतावरिन-४ या सॅपोनिनमध्ये त्या सांगाड्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात. आतड्यातले जीवाणू ते तोडतात आणि सार्सासापोजेनिन हा नुसता सांगाडा उरतो, असं मानलं जातं. पण इस्ट्रोजेन पेशीतल्या त्याच्या ग्राहीवर घट्ट बसतं ते मुख्यतः त्याच्या फिनॉल-कड्यामुळे, आणि ते कडं सार्सासापोजेनिनमध्ये नाही. शिवाय अशा सापोजेनिनपासून हॉर्मोन प्रयोगशाळेत बनवता येतं, शरीराला ते जमत नाही. शिवाय बाळंतपणानंतर जास्त इस्ट्रोजेन दूध कमीच करतं! म्हणून दुधासाठी खरा दावा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हॉर्मोन, वाढण्याचा आहे.

तिथे माणसांवरचे दोन प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. 1996 च्या चाचणीत 64 माता होत्या. प्रोलॅक्टिनमध्ये फरक दिसला नाही. मात्र ते औषध मिश्रण होतं, त्यात शतावरी थोडीच. 2011 मध्ये 60 मातांना 30 दिवस मुळांची पूड दिली, तेव्हा प्रोलॅक्टिन सुमारे 33 टक्के वाढलं, शतावरी न दिलेल्या गटात साधारण 10 टक्के. पण प्रोलॅक्टिन नुसतं बाळ पाजल्यानेही उसळतं, त्यामुळे रक्त पाजण्याच्या आधी घेतलं की नंतर, यावर आकडा बराच हलतो.