मदत हवी आहे: सातारा ते गोवा, पाच जणांत पेट्रोल आणि टोल कसा वाटायचा?

सातारी_कंदी:
मंडळी, पुढच्या आठवड्यात गोव्याला चाललोय, गाडी माझी, पेट्रोल, 37 लिटरची टाकी. आम्ही चौघं साताऱ्यातून आणि मेव्हणा कराडला बसणार. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी. जाऊन येऊन 690 आणि तिथलं फिरणं 110 धरून 800 किलोमीटर होतायत. मीटरवर अ‍ॅव्हरेज 18.5 दिसतं, पेट्रोल 105 धरलं तर 43 लिटर म्हणजे साडेचार हजार, वर तासवडे, किणी, कोगनोळी असे तीन नाके दोन्ही वेळा. सगळं बेरीज करून भागिले पाच करू का? मागच्या वेळी ट्रिपनंतर ग्रुपवर नुसती वादावादी झालती म्हणून यंदा आधीच सांगून ठेवायचंय माणशी किती.

कृष्णाकाठ:
18.5 विसरा ओ. पाच माणसं, डिकी फुल, एसी चालू आणि आंबोलीचा घाट. मोकळ्या रस्त्याला 16 आणि घाटात 10 धरा, मधला 13 काढा आणि 800 भागिले 13. साडेएकसष्ट लिटर होतंय.

आबा_मिरजकर:
माझी सीएनजी आहे, मला 26 पडतं. मिरज ते पुणे सगळा सीएनजीवर जातो. तुम्ही पण कीट बसवून घ्या, पेट्रोलचं टेन्शनच नको.

घाटवळण:
आबा, तुमचं 26 किलोमागं आहे, ह्यांचं लिटरमागं, ती तुलना इथं नको. आणि त्यांनी कीटबद्दल विचारलेलंच नाही 😄

कृष्णाकाठ, 16 आणि 10 हे आकडे मला पण बरोबर वाटतात, पण 13 काढलात तिथं गडबड आहे. 13 तेव्हाच येईल जेव्हा दोन्हीकडं पेट्रोल सारखंच जळेल. इथं घाट आणि गोव्यातली गर्दी मिळून फार तर 160 किलोमीटर, बाकी 640 मोकळा रस्ता. म्हणून अ‍ॅव्हरेजचा मध्य न काढता लिटर वेगवेगळे काढायचे. 640 ला 16 नं 40 लिटर, 160 ला 10 नं 16 लिटर, झाले 56. म्हणजे पूर्ण ट्रिपला 14.3 चं अ‍ॅव्हरेज. मीटरच्या हिशेबापेक्षा 13 लिटर जास्त, म्हणजे तेराशे रुपयांच्या वर फरक, आणि तो गाडीवाल्याच्याच अंगावर येतो, कारण बाकीच्यांनी साडेचार हजाराचा हिशेब ऐकलेला असतो. वाद तिथंच सुरू होतो बघा.

सातारी_कंदी:
बरोबर बोललात, असंच झालतं. पण मग 56 तरी खात्रीचं आहे का? घाटात ट्रकच्या मागं अडकलो तर?

घाटवळण:
नाहीच खात्रीचं. 56 फक्त आधी सांगायला. खरा हिशेब करताना अ‍ॅव्हरेज लागतच नाही. निघायच्या आदल्या रात्री टाकी फुल करा, पंपाचा नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबा, वरून टिचक्या मारून भरू नका, आणि ते बिल तुमचं स्वतःचं. ट्रिपमीटर शून्य. मग वाटेत जे भराल ते ग्रुपचं. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा, ते बिल पण ग्रुपचं. सुरुवातीला फुल, शेवटी फुल, मधली बिलं म्हणजे जळालेलं पेट्रोल. गोव्यात निघताना टाकी नक्की फुल करा, तिकडं पेट्रोल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त असतं. समजा 97 नं 33 लिटर तिथं भरलं आणि घरी आल्यावर 105 नं 23 लिटर, तर 3201 आणि 2415 मिळून 5616. सगळं 105 नं लावलं असतं तर 5880 झालं असतं.

कृष्णाकाठ:
फुल टू फुल मान्य. पण गोव्यातलं स्वस्त पेट्रोल तर परतीला जळलं ना, आणि जाताना जळलं ते साताऱ्याचं 105 वालं, ते तर गाडीवाल्यानं भरलेलं. मग 33 लिटर 97 नं कसं धरायचं?

घाटवळण:
टाकी निघताना जशी होती तशीच परत आली, मग गाडीवाल्याचं काय गेलं? ग्रुपनं जे पैसे पंपावर दिले तेवढेच खर्च. कुठला थेंब कुठं जळला हे शोधत बसलात तर गोव्याला जायचं राहून जाईल.

कराडकर_पाटील:
मेव्हणा कराडला बसतोय म्हणताय, मग त्यानं तासवडेचा टोल का द्यायचा? तासवडे कराडच्या अलीकडं आहे, तो ह्या नाक्यावरून जातच नाही. आम्ही कराडकर ह्यात नेहमी भरडले जातो.

घाटवळण:
हे अगदी रास्त आहे. सातारा कराड 50 धरू, जाऊन येऊन 100 किलोमीटर गाडीत चौघंच. 5616 भागिले 800 म्हणजे किलोमीटरला 7 रुपये 2 पैसे. पहिले 702 रुपये चौघांत, माणशी 175.50. उरलेले 4914 पाच जणांत, 983 च्या आसपास. म्हणजे साताऱ्याच्या प्रत्येकाला 1158 आणि मेव्हण्याला 983. सरसकट पाचनं भागलं तर सगळ्यांना 1123. मेव्हण्याला 140 चा फरक पडतो, नात्यात एवढ्यासाठी कागद काढायचा का ते तुम्ही ठरवा. मी तर काढत नाही, पण माझा मेव्हणा कधी गाडीत बसलाच नाही.

टोलचं तसंच. हिशेबापुरतं नाक्याला 100 धरा, खरा आकडा फास्टॅगच्या मेसेजमधूनच घ्या, वाटेत आणखी कुठं कापले तर ते पण तिथं दिसतं. तासवडेचे दोन्ही वेळचे 200 चौघांत, बाकीचे 400 पाच जणांत. तुम्ही 130, मेव्हणा 80. तुम्ही गोव्यात मुक्काम करणार म्हणजे 24 तासांतल्या परतीची सवलत धरू नका.

सातारी_कंदी:
एक सांगायचं राहिलं, माझ्याकडं फास्टॅगचा वार्षिक पास आहे, घेतला तेव्हा 3000 ला 200 फेऱ्या. मग ट्रिपमध्ये टोल कापलाच जाणार नाही. बाकीच्यांकडून काय घ्यायचं?

कृष्णाकाठ:
काहीच नाही. खिशातून गेलंच नाही तर मागायचं कशाला.

कराडकर_पाटील:
असं कसं, फेरी तर कमी झाली ना. 3000 भागिले 200 म्हणजे फेरीला 15. तीन नाके दोन्ही वेळा म्हणजे सहा फेऱ्या, 90 रुपये, ते वाटा.

घाटवळण:
15 तेव्हाच, जेव्हा वर्षाच्या आत दोनशेच्या दोनशे संपतात. वर्ष झालं की उरलेल्या फेऱ्या बुडाल्या. रोज सातारा पुणे करणाऱ्याच्या संपतात, वर्षाला 60 च नाके ओलांडणाऱ्याला एक नाका 50 ला पडतो. माझ्या मते तुमच्या नेहमीच्या वापरावरून काढा. आणि पास फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांना चालतो, राज्याचा नाका लागला तर नेहमीसारखे पैसे कापणार.

आबा_मिरजकर:
सगळे टोल माफ करा म्हणतो मी. आणि टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, ते गाडीवाल्यानं एकट्यानंच भरायचं का? त्याचा हिशेब कुणी करेना.

घाटवळण:
आबा, हा प्रश्न मात्र बरोबर काढलात. आमच्यात गाडीवाल्याला पेट्रोलचा वाटा माफ करतात, 5616 चौघांतच भागतात, गाडीची झीज त्यात आली. पण काही ग्रुपमध्ये हे चालत नाही.

सातारी_कंदी:
माफीचं मी स्वतः कसं बोलणार, बायकोच म्हणेल मेव्हण्याला सांगा म्हणून 😅 ग्रुपवर माणशी 1300 टाकतो, फुल टू फुल करतो, उरले तर परत. पासचं अजून ठरत नाही. आणि आत्ताच मेव्हण्याचा मेसेज आलाय, येताना तो एक दिवस आधी ट्रॅव्हल्सनं निघणार म्हणे.

घाटवळण:
मग परतीचे 345 किलोमीटर चौघांत, आणि तो गेल्यानंतर गोव्यात जेवढं फिराल तेवढं पण. तो ज्या स्टॉपला उतरेल तिथं ट्रिपमीटरचा फोटो काढून ठेवा.