सवलतीआधीची किंमत: उरलेल्या टक्क्यांनी भागावे

«20 टक्के सवलतीनंतर 1,440 रुपये भरले. या 1,440 रुपयांत 20 टक्के मिळवले, तर मूळ किंमत का येत नाही?»

कारण ते 20 टक्के मूळ किमतीचे होते, 1,440 चे नव्हेत. सवलत वजा झाल्यावर मूळ किमतीचे 80 टक्के उरले आणि तेच आपण भरले. म्हणून 1,440 ला 80 ने भागून 100 ने गुणावे, म्हणजे 1,800 मिळतात. पडताळा सोपा आहे: 1,800 चे 20 टक्के 360, ते वजा करता पुन्हा 1,440.

सवलती दोन असतील तर काय, ही बाब मात्र दादरच्या एका दुकानात माझ्या लक्षात आली. साडीच्या चिठ्ठीवरचा छापील भाव फाटला होता, पाटीवर ‘20 टक्के + 10 टक्के सूट’ लिहिले होते आणि बिल 2,160 रुपयांचे झाले. मी दोन्ही सवलतींची बेरीज करून 70 ने भागले, तेव्हा 3,085 रुपये 71 पैसे असा विचित्र आकडा आला, आणि साडीवर असा भाव कोणी छापत नाही, यावरूनच चूक उमगली. दुसरी सवलत पहिलीनंतर उरलेल्या रकमेवर मिळते, त्यामुळे शंभरातले 80 आणि त्या 80 मधले 72 उरतात. 2,160 ला 72 ने भागून 100 ने गुणल्यावर नेमके 3,000 आले. बिल पूर्ण रुपयांत केलेले असेल, तर उत्तरात रुपया-दोन रुपयांचा फरक पडू शकतो, आणि सवलत जितकी मोठी तितका तो वाढतो.