बायकोच्या डिमॅटमधून घेतले तर कुणाचं काय गेलं?

सौरभ, कोथरूड: माझा मित्र चाकणच्या एका लिस्टेड कंपनीत अकाउंट्सला आहे. कंपनीचे तिमाही निकाल चांगले येणार हे त्याला आधीच कळतं, पण बायकोच्या नावावरही शेअर घेता येत नाहीत म्हणतो. विकणारा आपल्या मर्जीनेच विकतो ना? मग बुडालं कोण?

नीलिमा, कंपनी सेक्रेटरी: जो विकून बसला तो. धरा, वहिनींनी 250 ला 4000 शेअर घेतले आणि निकालानंतर भाव 290 झाला. हे 1,60,000 समोरच्याच्या खिशातून आले. त्याने कितीही अभ्यास केला असता तरी तुमच्या मित्राच्या टेबलावरचा आकडा त्याला दिसणार नव्हता. म्हणून तिमाही संपली की निकालानंतर 48 तासांपर्यंत अशा कर्मचाऱ्यांना खरेदी-विक्री बंद असते. कायद्यातला किमान दंडच 10 लाख आहे, वर नफा व्याजासकट परत.

बापट, सदाशिव पेठ: दीड लाखासाठी दहा लाख? उलट अशा खरेदीने भाव लवकर खऱ्या पातळीला येतो. सगळ्यांचंच भलं.

नीलिमा: बापटकाका, बातमी दाबून ठेवण्यातच ज्याचा फायदा, तो ती वेळेवर बाहेर काढेल का? आणि वाईट बातमीवरही तो आधी विकून मोकळा होतो.

ओंकार: पण नफा कमवायचा हेतू नसेल तर गुन्हाच नाही. गॅमन इन्फ्रा या कंपनीच्या प्रकरणात 2022 साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

नीलिमा: अर्धं बरोबर. तिथे विक्री कर्जाच्या अडचणीपोटी होती, शिवाय दडलेली बातमी कंपनीच्या फायद्याची होती. भाव वाढणार हे माहीत असताना कोण विकतं? आणि तो खटला 1992च्या नियमांखालचा. 2015चे नियम म्हणतात, कारण काहीही असो.

वैशाली: मला टेलिग्रामवरच्या टिपेने बुडवलं. घेतला आणि रोज लोअर सर्किट! त्यांना का नाही धरत?

नीलिमा: तो भाव फुगवण्याचा प्रकार. त्याचे नियम वेगळे.

सौरभ: पण बायकोचं आडनाव वेगळं असेल तर सापडणार कसं?

नीलिमा: निकालाआधीची वेगळी दिसणारी खरेदी एक्सचेंजची यंत्रणा टिपते. बातमी कुणाला कधी कळली याची पॅनसकट नोंद कंपनीला ठेवावीच लागते. मग पत्ता, मोबाइल, बँकेतले व्यवहार जुळवतात. पैसे मित्राच्या खात्यातून आले असतील तर आडनाव काय करणार? खरी अडचण पैशांचा माग नसतो तिथे येते. नुसत्या नात्यावरून बातमी दिली असं धरता येत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने 2022 सालीच पीसी ज्वेलर या कंपनीच्या प्रकरणात म्हटलंय.

बापट: म्हणजे तोंडी सांगणारा सुटला! कायदा भोळ्यांसाठीच.

ओंकार: आणि हिंजवडीच्या बसमध्ये मागच्या सीटवरचं बोलणं कानावर पडलं तर?

नीलिमा: बातमी हाती असेल तर नियम तुम्हालाही लागू. फरक एवढाच, कंपनीशी संबंध नसलेल्याच्या बाबतीत सिद्ध करायचा भार सेबीवर.

बापट: बसमधलं कोण सिद्ध करणार?