धावण्याचे पहिले शूज आणि नडगीचं दुखणं : तुमचे अनुभव सांगा

उपवनकाठ

काही वर्षं रोज सकाळी चालते आहे. गेल्या महिन्यात ठाण्यात उपवन तलावाच्या बाजूला धावायला सुरुवात केली. पहिले काही दिवस मजेत गेले. आता दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा वरपासून वीतभर पट्टा ठणकतो. धावायला लागल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जास्त दुखतं, मग अंग गरम झालं की कमी होतं आणि घरी येऊन बसलं की पुन्हा सुरू. पायात चालण्याचेच जुने बूट आहेत. या शनिवारी धावण्याचे पहिले शूज घ्यायला जाणार आहे.

कोणत्या कंपनीचे घेऊ, हे मी विचारत नाही. तुम्ही पहिली जोडी कशी पारखली, नडगी दुखली होती का आणि ती कशाने थांबली, ते सविस्तर लिहा. माझ्यासारखे नव्याने धावणारे बरेच जण असतील, त्यांनाही उपयोग होईल.

भरती_बीड

ताई, आमच्याकडं हे दुखणं घरोघरी आहे. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळावं लागतं, वेळेवर गुण मिळतात. जाहिरात निघाली की पहाटे चारला सगळे डांबरी रस्त्यावर. काल घरात बसलेला पोरगा आज चार-पाच किलोमीटर पळतो, तेही घड्याळ लावून, दात-ओठ खाऊन. पंधरा दिवसांत निम्मे नडगी धरून बसतात.

माझीही दुखत होती. मी जाड, मऊ सोलचे बूट घेतले आणि डांबर सोडून शाळेच्या ग्राउंडवर पळायला लागलो. दुखणं गेलं. म्हणून माझं मत एकच, बूट मऊ पाहिजे. बाकी काही करायची गरज नाही.

फिजिओ_नाशिक

बीडच्या भावाला एक विचारते. ग्राउंडवर पळायला लागलास तेव्हा रोज तेवढंच पळत होतास का?

भरती_बीड

नाही मॅडम. मधे पाऊस लागला होता, आठ-दहा दिवस पळणंच बंद होतं. मग ग्राउंडवर आधी दोन राउंड, मग तीन, असं वाढवलं.

फिजिओ_नाशिक

मग नडगी कशाने बरी झाली, हे सांगणं अवघड आहे. बूट बदलले, जमीन बदलली, मधे विश्रांती मिळाली आणि अंतर हळूहळू वाढलं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांवरून मला यातली शेवटची दोन कारणं मोठी वाटतात.

धावायला लागल्यावर दम लवकर सुधारतो. दोन-तीन आठवड्यांत धाप कमी लागते आणि माणसाला वाटतं, आता आणखी जमेल. हाडाचं तसं नसतं. नव्या भाराला नडगीचं हाड स्वतःची बांधणी बदलून उत्तर देतं आणि त्या कामाला महिने लागतात. या मधल्या काळात छाती ‘चल’ म्हणते आणि हाड तयार नसतं. तुमची नडगी दुखते आहे ती याच काळात.

शूज घ्यायच्या आधी एक तपासणी घरी करा. पाय सैल सोडून बसा. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत या. दुखरा भाग चार-पाच बोटं किंवा जास्त लांब पसरलेला असेल, तर ते बहुधा नेहमीचं ताणाचं दुखणं आहे. पण बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्या एकाच जागी टोचत असेल, एका पायावर उडी मारली की तिथेच कळ येत असेल, रात्री पडल्या-पडल्याही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा अगदी स्वच्छ येतो, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नका. एमआरआयमध्ये ती दिसते. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, हाडांशी त्याचा थेट संबंध आहे.

निवृत्त_कोल्हापूर

माझेही पाय दुखतात. रंकाळ्याला रोज एक फेरी मारतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला पोटरीत असा गोळा येतो की उठून उभं राहावं लागतं. केळी खाऊन पाहिली. शूज बदलावेत का?

फिजिओ_नाशिक

काका, तुमचं दुखणं वेगळं आहे. नडगीच्या हाडाशी त्याचा संबंध दिसत नाही आणि शूजने ते जाईल असं मला वाटत नाही. रक्तदाबाच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची यादी घेऊन एकदा तुमच्या डॉक्टरांना भेटा.

काउंटरपलीकडे

पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात बरीच वर्षं शूज विकले, आता दुसऱ्या धंद्यात आहे. माझ्या अनुभवाचं सांगतो.

संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावतानाही सुजतात, त्यामुळे सकाळी नेमका बसलेला बूट नंतर बोटांना लागतो. धावताना घालणार तेच मोजे आणि जुने बूट सोबत आणा, कोणत्या बाजूने झिजलेत तेही दिसतं. दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तिथे दाबून पाहायचं. धावण्याचा शूज रोजच्या चपलेपेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा निघाला, तर तो मोठा झाला असं समजू नका.

मग रुंदी. आतला मऊ पट्टा बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही कडांबाहेर सांडत असेल, तर तो शूज तुमच्यासाठी अरुंद आहे, रंग कितीही आवडला तरी. आपल्याकडे पुढून रुंद पाय पुष्कळ. मी पाहिलेल्या परत आलेल्या शूजमध्ये निम्म्याहून जास्त तक्रारी लांबीच्या नसून याच जागेच्या असायच्या.

नंबरवर विश्वास ठेवू नका. यूके सहा एका कंपनीचा आणि दुसऱ्या कंपनीचा सारखा नसतो. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरमधलं माप असतं, ऑनलाइन घेणाऱ्यांनी ते ताडून पाहावं.

शेवटी दुकानातच थोडं धावून दाखवा. लाजू नका, बाहेरच्या फुटपाथवरही जाऊ देतात. टाच वर सटकत असेल, तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस ओवून मागे घट्ट करता येते. बहुतेकांच्या लक्षातच येत नाही ते भोक कशासाठी असतं. पहिल्या जोडीला तीन-चार हजार पुरेत. शर्यतीचे कार्बन पट्टीवाले शूज नव्याने धावणाऱ्याने घेऊ नयेत.

मिरामार_पणजी

एवढं सगळं कशाला? माणूस हजारो वर्षं अनवाणीच धावला. मी मिरामारच्या वाळूत अनवाणी धावतो, नडगी कधी दुखली नाही. जाड सोलने पाय आळशी होतो.

तळजाईकरीण

मिरामार, तुम्हाला जमलं हे चांगलं आहे, पण मी तेच करायला गेले आणि माझी पोटरी धरली. मऊ वाळूत पाय रुततो, टाच खाली जाते, पोटरीला जास्त काम पडतं. ओल्या कडक वाळूवर किनाऱ्याचा उतार असतो, म्हणजे एक पाय सतत खाली. सवय हळूहळू करणाऱ्याला जमत असेल. पण शहरातल्या, आयुष्यभर चपला-बूट घातलेल्या माणसाने एकदम सोडू नयेत.

माझ्या नडगीचं सांगते. तळजाईच्या उतारावर दुखायला लागलं होतं. फिजिओंनी धावणं पूर्ण थांबवलं, पण चालणं आणि सायकल चालू ठेवली. नुसतं चालताना आणि जिना उतरताना दुखणं शून्य झालं, तेव्हाच पुन्हा सुरुवात करू दिली. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड, सपाटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून बघायची. काही नसेल तर पुढच्या आठवड्यात दीड मिनिट. दुखत असेल तर तोच आठवडा पुन्हा. सुरुवातीला फार कंटाळा येतो, कारण दम शिल्लक असतो आणि थांबावं लागतं.

सोबत पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून. वाकवलेला प्रकार मी टाळत होते, पण नडगीला लागून असलेला खालचा स्नायू त्यातच जास्त काम करतो, असं त्यांनी सांगितलं. शिवाय पावलं लहान आणि जलद टाकायला लावली. पाय शरीराच्या फार पुढे पडला की धक्का वाढतो. पाऊल आपटल्याचा आवाज कमी झाला की बरोबर चाललंय, असं मी ओळखते.

उपवनकाठ

दुकानात पाय स्कॅन करून ‘तुमची कमान सपाट आहे, आधारवाले शूज घ्या’ असं सांगतात. ते खरं धरायचं का?

फिजिओ_नाशिक

अमेरिकेत सैन्याच्या भरतीतल्या जवानांवर हे तपासून झालंय. एका गटाला कमानीच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. मी पेशंटला सांगते, तीन-चार जोड्या घालून धावा आणि सगळ्यात आरामदायी वाटेल ती घ्या.

काउंटरपलीकडे

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. ज्यांचा घोटा अगदी आत झुकतो, त्यांना आधाराचे शूज घालून बरं वाटलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. सरसकट सगळ्यांना ते विकणं मात्र मलाही पटत नव्हतं.

फिजिओ_नाशिक

बरं वाटणं हाच निकष असेल, तर आपण दोघं एकच म्हणतोय.

भरती_बीड

मॅडम, आमच्या ग्रुपमधल्या एकाची नडगी एकाच जागी दुखते, दाबलं की ओरडतो. भरती जवळ आली म्हणून पट्टी बांधून पळतोय. हा धागा त्याला दाखवला. उद्या जिल्हा रुग्णालयात नेतो.

उपवनकाठ

शूज घेतले. संध्याकाळी गेले, मोजे नेले. आतला पट्टा काढून उभी राहिले तेव्हा पहिल्या दोन जोड्या अरुंद निघाल्या, तिसरी बसली. नेहमीपेक्षा एक नंबर मोठी आहे आणि टाच सटकत होती ती लेस वरच्या भोकातून ओवल्यावर थांबली. नडगी दाबून पाहिली, दुखरा भाग पसरलेलाच आहे, एका जागी टोचत नाही. गेले काही आठवडे फक्त चालले, आता एक मिनिट-दोन मिनिटांवर आहे. उजवी पूर्ण शांत झाली. डावी सकाळी दाबली की अजून जाणवते. मी रस्त्याच्या एकाच कडेने, नेहमी एकाच दिशेने धावते. त्याने फरक पडत असेल का?

तळजाईकरीण

पडू शकतो. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे खालच्या बाजूचा पाय नेहमी तोच राहतो. आठवडाभर उलट दिशेने धावून बघा, पण तोपर्यंत मिनिटं वाढवू नका.